झुळझुळीत, करकरीत, बांधीव: कापडाचे तीन शब्द वाचणाऱ्याला काय सांगतात

प्रश्न: मी पुण्यात एका छोट्या ब्रँडसाठी कपड्यांची वर्णनं मराठीत लिहिते. ‘फ्लुइड’, ‘क्रिस्प’, ‘स्ट्रक्चर्ड’ हे शब्द सगळे वापरतात म्हणून मीही वापरते. पण ते वाचून गिऱ्हाइकाला नेमकं काय कळतं? आणि कुठे कोणता शब्द बरोबर, हे ठरवायचं कसं?

यातले पहिले दोन शब्द कापडाबद्दल बोलतात आणि तिसरा शिवणकामाबद्दल. हे एवढं डोक्यात पक्कं झालं की निम्मा घोळ मिटतो. ‘फ्लुइड’ म्हणजे कापड स्वतःच्या वजनाने खाली कसं पडतं. ‘क्रिस्प’ म्हणजे त्याला घडी घातली, दाबलं, तर ते कसं वागतं. आणि ‘स्ट्रक्चर्ड’ म्हणजे कपड्याला आकार देण्यासाठी शिंप्याने आत काय घातलंय आणि कापणी कशी केलीय. म्हणून झुळझुळीत क्रेपचा स्ट्रक्चर्ड कोट होऊ शकतो, आणि कडक ऑर्गंडीचा अगदी सैल, आत काहीच नसलेला झगा होऊ शकतो. मात्र एकच कापड एकाच वेळी फ्लुइडही आणि क्रिस्पही आहे असं कुणी लिहिलं, तर त्या दोनपैकी एक शब्द जवळजवळ नक्की खोटा असतो.

मी बावीस वर्षं मासिकांसाठी आणि कॅटलॉगसाठी कपड्यांवर लिहिते आहे. एक प्रकरण सांगते, कारण त्यात तिन्ही शब्द एका ओळीत होते. एका ब्रँडचा गुडघ्यापर्यंतचा कळीदार कुर्ता होता, चंदेरीचा, कॉलरवाला. वर्णन असं: ‘फ्लुइड चंदेरीचा स्ट्रक्चर्ड कुर्ता, क्रिस्प लुकसाठी.’ कुर्ते परत यायला लागले. परत करणाऱ्या बायकांचं म्हणणं जवळपास एकच होतं: अंगाबरोबर पडत नाही, पोटाशी फुगतो. कुर्त्यात काहीच दोष नव्हता. शिवण स्वच्छ, कापड अस्सल. चुकला होता तो ‘फ्लुइड’ हा शब्द, आणि तो का लिहिला गेला तेही कळलं. लिहिणाऱ्या मुलीने कापड हातात घेतलंच नव्हतं. तिच्यासमोर फोटो होता. फोटोत मॉडेल वळत होती, बाजूने पंख्याचा वारा होता आणि कुर्त्याचा घेर हवेत उडाला होता. उडणारं कापड पाहून तिने ‘फ्लुइड’ लिहिलं.

पण वाऱ्यावर उडणं आणि फ्लुइड असणं यांचा फारसा संबंध नाही. वाऱ्यावर पतंगाचा कागदही उडतो. वारा थांबल्यावर कापड कुठे जातं, हे पाहायचं असतं. फ्लुइड कापड लगेच खाली येऊन अंगाला लागून पडतं. चंदेरी, ऑर्गंझा, ऑर्गंडी ही कापडं खाली येतात, पण अंगापासून थोडी लांबच थांबतात.

याची कारणं तीन आहेत. पहिलं, कापड किती सहज वाकतं. दुसरं, त्याला खाली ओढायला पुरेसं वजन आहे का. आणि तिसरं, जे बहुतेक लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: उभे आणि आडवे धागे एकमेकांवरून किती मोकळेपणी सरकतात. एक कागद घ्या आणि उशीवर पसरा. कागद एका दिशेने वाकेल, पण उशीच्या कोपऱ्याला गोलाईने बसणार नाही, चुरगळेल. मऊ साडीचा पदर त्याच कोपऱ्यावर टाका, तो अलगद बसतो. कापडात धागे जिथे एकमेकांना छेदतात तिथला काटकोन थोडा तिरका होऊ शकतो. कागदाला ती सोय नाही. घट्ट विणलेल्या, धागे जखडलेल्या कापडातही ती कमी असते. फ्रान्सच्या मादलेन व्हिओने यांनी 1920 आणि 30च्या दशकांत कापड तिरकं, 45 अंशांत कापून झगे बेतले, ते याच सोयीवर. तेच कापड सरळ कापलं असतं तर तसं पडलं नसतं. म्हणून एखादा कपडा तिरक्या कापणीचा असेल तर वर्णनात ते जरूर सांगावं. तो ‘फ्लुइड’पेक्षा जास्त कामाचा शब्द आहे.

वजनाचा मुद्दा तर उलटाच समजला जातो. ‘हलकंफुलकं, फ्लुइड’ अशी जोडी सर्रास लिहिली जाते. ऑर्गंझा हलकी असते, तरी ती झुळझुळीत नाही. उलट चांगला जड क्रेप किंवा व्हिस्कोस हातात भरतो, आणि म्हणूनच सुंदर पडतो, कारण त्याचं वजन त्याला खाली ओढत असतं. हलकं हे वजनाचं वर्णन आहे आणि झुळझुळीत हे पडण्याचं. दोन्ही एकत्र लिहायचं असेल तर दोन्ही वेगवेगळं तपासून लिहा.

तपासायचं कसं, तर यासाठी एक यंत्र आहे. इंग्लंडमध्ये 1960च्या दशकात क्यूसिक यांनी ज्या पद्धतीला रूप दिलं ती आजही प्रयोगशाळांत वापरतात. 18 सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवर 30 सेंटिमीटर व्यासाचं गोल कापड ठेवायचं आणि चकतीबाहेर लोंबणाऱ्या कापडाची सावली मोजायची. कापड पुठ्ठ्यासारखं ताठ असेल तर सावली पूर्ण 30 सेंटिमीटरची राहते. अगदी झुळझुळीत असेल तर ती आकसत चकतीच्या जवळ येते. घरी याची नक्कल करायला एक उंच डबा आणि त्यावर तेवढीच एक ताटली पुरते. कापडाचा गोल तुकडा वर ठेवा आणि बरोबर वरून पाहा. झुळझुळीत कापडाला पुष्कळ, अरुंद, खोल चुण्या पडतात आणि सगळा गोल आत ओढला जातो. ताठ कापडाला तीन-चार रुंद लाटा पडतात आणि कड बाहेरच राहते. चंदेरी ठेवली तेव्हा तिला रुंद लाटा पडल्या. शेजारी जॉर्जेट ठेवली तर ती जवळजवळ डब्याला चिकटून खाली उतरली. त्या मुलीला मी आणखी काही समजावायची गरजच उरली नाही.

आता मराठी शब्दाकडे. ‘फ्लुइड’साठी आपल्याकडे एक नाही, दोन शब्द आहेत आणि ते वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘झुळझुळीत’ हा पडण्याचा, हलण्याचा शब्द. ‘सुळसुळीत’ हा पृष्ठभागाचा. क्रेप झुळझुळीत असतो, पण सुळसुळीत नसतो: त्याचे धागे खूप पीळ दिलेले असतात, त्यामुळे अंग बारीक दाणेदार होतं आणि पदर खांद्यावर जागेवर थांबतो. जाड सॅटिन सुळसुळीत असतं, पण कधीकधी इतकं भक्कम असतं की झुळझुळीत म्हणता येत नाही. पातळ सॅटिन दोन्ही असतं, आणि म्हणून त्याच्या साडीला पिना जास्त लागतात. लग्नात दिवसभर साडी नेसून वावरणाऱ्या बाईला हा फरक फार मोठा आहे. इंग्रजी ‘फ्लुइड’ तो तिला सांगत नाही. आपली भाषा या बाबतीत नेमकी आहे, तिचा उपयोग करा. पूर्वी नऊवारी ते ‘लुगडं’ आणि पाच-सहावारी ते ‘पातळ’ म्हणत. कापडाचा गुण सांगणारा शब्दच आपण वस्त्राचं नाव म्हणून वापरला आहे.

‘क्रिस्प’चं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण त्या एका शब्दाखाली निदान तीन संवेदना येतात. घडी धारदार पडते, ही एक. हाताला थोडं कोरडं, खरखरीत लागतं, ही दुसरी. आणि हलवलं की आवाज येतो, ही तिसरी. जपानमध्ये 1970च्या दशकात सुएओ कावाबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापडाचा हातस्पर्श शब्दांत पक्का करायचं काम हाती घेतलं. गिरण्यांतल्या अनुभवी लोकांना एकत्र बसवून एकेका शब्दाचा अर्थ ठरवला आणि मग तो मोजणारी यंत्रं बनवली. त्यांच्या यादीत ‘कोशी’ म्हणजे वाकवल्यावर परत उसळणारा ताठपणा, ‘हारी’ म्हणजे अंगावर न पडता पसरून राहण्याचा गुण, ‘शारी’ म्हणजे पीळदार धाग्यांचा कोरडा, कुरकुरीत स्पर्श, आणि ‘किशिमी’ म्हणजे रेशमाची करकर. इंग्रजीत या चारांतल्या कशालाही बिनदिक्कत ‘क्रिस्प’ म्हणता येतं. मला त्यातली एक गोष्ट विशेष पटते. पुरुषांच्या सुटाचं कापड तपासताना ‘शारी’ आणि ‘हारी’ हे गुण उन्हाळी कापडासाठी धरले गेले, हिवाळी कापडासाठी नाहीत. कारण उघड आहे. कोरडं, अंगापासून सुटं राहणारं कापड घामाने चिकटत नाही, आतून हवा खेळते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांसाठी कपडा विकताना ‘क्रिस्प’ या शब्दातली गिऱ्हाइकाच्या सर्वांत उपयोगाची माहिती हीच आहे, आणि वर्णनांत ती मला क्वचितच दिसते.

मराठीत मी यासाठी ‘करकरीत’, ‘कडक’, ‘सळसळणारं’ हे तीन शब्द वेगळे ठेवते. करकरीत म्हणजे नव्या नोटेसारखं, घडी धरणारं. कडक म्हणजे ताठ, त्यात स्पर्श चांगलाच असेल असं नाही. सळसळ हा आवाज, तो टॅफेटाला असतो, काही रेशमांना असतो. झुळझुळीत जॉर्जेटला ‘सळसळती’ लिहिलेलं मी वाचलं आहे. तिला आवाज नसतो.

‘क्रिस्प’ लिहिण्याआधी विचारायचा खरा प्रश्न म्हणजे हा करकरीतपणा किती दिवसांचा. नव्या सुती कापडात बरेचदा खळ असते. दुकानात ते छान ताठ वाटतं, पहिल्या धुण्यात खळ जाते आणि कापड ढिलं होतं. अशा कापडाला ‘क्रिस्प कॉटन’ म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाला खळ विकणं. तपासायला फार काही लागत नाही: एक तुकडा कोमट पाण्यात भिजवून चोळून वाळवा आणि इस्त्री न करता पुन्हा त्या डब्यावर ठेवा. पडण्यात मोठा फरक पडला, तर तो करकरीतपणा वरचा होता. उलट ऑर्गंडीला आम्लाची प्रक्रिया देऊन सुताचं अंगच बदललेलं असतं, त्यामुळे चांगली ऑर्गंडी धुऊन, इस्त्री करून पुन्हा ताठ होते. चंदेरीचं कारण तिसरंच आहे. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा नैसर्गिक डिंक असतो, वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. मऊ रेशीम करताना तो गरम साबणाच्या पाण्यात उकळून काढतात. पारंपरिक चंदेरीत उभ्या धाग्याचं रेशीम तसं न उकळता वापरतात, आणि तिचा तो पारदर्शक, ताठ, किंचित फुगीर भाव त्या डिंकातून येतो. याचा दुसरा अर्थ असा की घरी गरम पाण्यात, तीव्र साबणाने धुतली तर चंदेरीचा करकरीतपणा आपण स्वतःच काढून टाकतो. म्हणून चंदेरीच्या वर्णनात धुण्याची सूचना ही तळटीप नाही, तो कापडाच्या गुणाचाच भाग आहे.

आणखी एक गैरसमज: करकरीत म्हणजे न चुरगळणारं. लिनन पाहा. त्याचा धागा ताठ, स्पर्श कोरडा, इस्त्रीनंतर कॉलर देखणी उभी राहते, आणि सिंहगड रोडवरून डेक्कनपर्यंत गाडीत बसून आलात की मांडीवर पक्क्या सुरकुत्या. घडी चांगली धरणारं कापड नको असलेली घडीही तितकीच चांगली धरतं. मूठभर कापड दहा सेकंद घट्ट दाबा, सोडा, मिनिटभराने पाहा. जे दिसेल ते तसंच लिहा: ‘बसल्यावर चुण्या पडतात, त्या दिसतील.’ हे वाचून कमी लोक घेतील, अशी भीती मालकांना वाटते. माझा अनुभव असा की लिनन आवडणाऱ्यांना ते चालतं, आणि ज्यांना चालत नाही ते निदान पार्सल परत पाठवत नाहीत.

‘स्ट्रक्चर्ड’बद्दल कमी सांगण्यासारखं आहे, कारण ते सरळ तपासता येतं. कपडा हँगरला लावा किंवा टेबलावर ठेवा. आत माणूस नसताना जिथे आकार टिकतो, तिथे तो स्ट्रक्चर्ड. जिथे कोसळतो, तिथे नाही. आकार येतो तो टक्स आणि प्रिन्सेस कटच्या शिवणींतून, खांद्याच्या पॅडमधून, कोटाच्या आतल्या कॅनव्हासमधून किंवा इस्त्रीने चिकटवलेल्या फ्यूजिंगमधून. क्रिस्तियाँ दिओर यांनी फेब्रुवारी 1947मध्ये दाखवलेलं बार जॅकेट याचं ठळक उदाहरण: बारीक कंबर आणि कंबरेखाली भर घालून फुगवलेला घेर, सगळा शिवणीतून उभा केलेला. उलट शनेलच्या प्रसिद्ध जॅकेटच्या आत खालच्या कडेला एक साखळी शिवलेली असते. ते दुरून ताठ दिसतं, पण त्याला नीट पाडते ती साखळीचं वजन, आतला ताठपणा नव्हे. अशा जॅकेटला ‘स्ट्रक्चर्ड’ लिहिलं, तर घेणारी व्यक्ती खांद्याला आधार मिळेल असं समजते, आणि तो मिळत नाही.

वाचणाऱ्याला या शब्दातून तीन गोष्टी हव्या असतात: अंग दिसेल त्यापेक्षा कपडा वेगळा आकार देईल का, हात वर नेताना मुंढ्यात अडेल का, आणि घरी धुता येईल का. फ्यूजिंगवाल्या कोटाच्या बाबतीत शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. फ्यूजिंग नीट चिकटलेलं नसेल तर काही धुण्यांनंतर समोरच्या भागावर बुडबुडे येतात आणि ते इस्त्रीने कायमचे बसत नाहीत. आत काय आहे ते कळायला काजाच्या खालचं कापड चिमटीत धरून वरचा आणि आतला थर वेगळा ओढून पाहा. मधे तिसरा थर सुटा फिरताना लागला तर कॅनव्हास. वरचा थरच जाड, कडक लागला तर फ्यूजिंग. मराठीत मी ‘बांधीव’ लिहिते आणि कुठे ते सांगते: बांधीव खांदा, बांधीव कॉलर. ‘बांधणीचा’ मात्र लिहू नका, कापडाच्या दुकानात बांधणी म्हणजे ठिपक्यांची रंगाई.

आता तो कुर्ता. डब्यावर त्याने रुंद लाटा दिल्या, म्हणजे फ्लुइड नाही. मुठीत दाबल्यावर बारीक, धारदार चुण्या राहिल्या आणि हलवल्यावर अगदी हलकी सळसळ आली, म्हणजे क्रिस्प खरं. हँगरवर फक्त कॉलर आणि बटणपट्टी उभी राहिली, तिथे फ्यूजिंग होतं. खांदे आणि कंबर ढिली पडली, म्हणजे कुर्ता स्ट्रक्चर्ड नाही, त्याची कॉलर तेवढी आहे. तिन्ही शब्दांपैकी एक पूर्ण खरा, एक थोडा खरा, एक खोटा. आम्ही ते वर्णन असं बदललं:

‘करकरीत चंदेरीचा कळीदार कुर्ता. कापड अंगाला चिकटत नाही, थोडं सुटं आणि किंचित फुगीर राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात बरं वाटतं. कॉलर आणि बटणपट्टी बांधीव, बाकी कुर्ता सैल. बसल्यावर चुण्या पडतात. गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. गरम पाण्याने कापड ढिलं होईल. अंगाबरोबर पडणारा कुर्ता हवा असेल तर आमचा क्रेपचा पाहा.’

शेवटचं वाक्य मालकांनी आधी काढायला सांगितलं, मग दोन दिवसांनी ठेवलं. फोटोही बदलला. पंखा बंद करून, मॉडेल सरळ उभी असताना एक, आणि बसलेली असताना एक.

‘फ्लुइड’, ‘क्रिस्प’ हे इंग्रजी शब्द तुम्हाला ठेवावे लागतील तर नावात ठेवा, कारण काही लोक तेच शोधतात. पण लगेच पुढच्या ओळीत मराठीत तो गुण उलगडा, आणि कापड हातात घेतल्याशिवाय ती ओळ लिहू नका. रविवार पेठेत ठोक कापड घेणारे व्यापारी थानाचं टोक मुठीत धरून झटकतात, कान देतात, मग भाव बोलतात. तुमच्या ब्रँडकडून प्रत्येक कापडाचा हातभर तुकडा मागून घ्या आणि टाचणीने वहीत लावून ठेवा. आणि जुलैत पुन्हा एकदा तपासा. पावसाळ्याच्या दमट हवेत खळीचा आणि रेशमाचा ताठपणा कमी होतो, आणि एप्रिलमध्ये करकरीत लिहिलेलं कापड तेव्हा हाताला थोडं मऊ लागेल. कोजागरीनंतर हवा कोरडी झाली की ते परत पूर्वीसारखं होतं.